पैठणीची किंमत दिवसांत मोजा

“हातमागाच्या साध्या पैठणीला पंचवीस हजार? त्यात एवढं काय असतं?”

दिवस असतात. आमच्या मागावर नेहमी उतरणाऱ्या साडीचाच हिशेब मांडते: अंगभर छोट्या बुट्ट्या आणि मोरांचा हातभर पदर.

रेशमापासून धरू. तयार साडीत साधारण सहाशे ग्रॅम रेशीम बसतं, पण विकत घ्यावं लागतं आठशे ग्रॅम. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढला की पाव-एक वजन कमी होतं. डिंक नीट निघाला नाही तर रंग सारखा चढत नाही, आणि हे पुष्कळदा मागावर विणताना फिकट पट्टा उमटल्यावरच कळतं. किलोला साडेपाच हजार धरले तर रेशमाचे ४,४००, उकळणं-रंगवणं ६०० आणि साध्या जरीचे १,०००. झाले सहा हजार.

आता माणसाचे दिवस. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, एकदम तीन-चार साड्यांचा लावतात. त्यातले या साडीच्या वाट्याला दोन दिवस. अंग विणायला दहा दिवस. आणि पदराला बारा! पदरात आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. मोराच्या मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, डोळ्याचा लाल अशा प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. ती आपल्या जागेपुरती जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. दिवसभर बसून चार-पाच सेंटीमीटर पुढे सरकतं. म्हणून तर असा पदर उलटा केला तरी मोर तितकाच स्वच्छ दिसतो. मागे सुटे, कापलेले धागे दिसले तर हे बारा दिवस त्यात गेलेलेच नाहीत.

चोवीस दिवस, रोजचे ६०० रुपये, म्हणजे १४,४००. कांड्या भरणं बहुतेक घरी बायकाच करतात आणि ते हिशेबात धरलंच जात नाही. मी धरते, १,६००. मागाची दुरुस्ती, दिवा, आधी गुंतवलेल्या पैशाचं व्याज मिळून हजार. साडी मागावरून २३,००० ला उतरली, विकणाऱ्याचा खर्च अजून व्हायचाच आहे.

आता दोन हजार कमी करा म्हणालात, तर ते कुठून जातील? रेशीमवाला आणि रंगारी आपले पैसे आधीच घेऊन गेलेले असतात. विणकराची मजुरी साडीमागे ठरलेली असते, त्यामुळे तीच १२,४०० होते आणि दिवस चोवीसच राहतात. रोज ६०० चा ५१७ वर येतो. त्यात विणताना चुकलेला पदर उसवून पुन्हा विणला, तर त्या दिवसांचे काहीच मिळत नाही.

तुमचं बजेट खरंच कमी असेल तर पदर आखूड सांगा किंवा अंग बिनबुट्टीचं घ्या. पदराचे चार दिवस वाचले की २,४०० रुपये कमी होतात आणि विणकराचा रोज तेवढाच राहतो.