आमची वाटचाल : सरकत्या गेटचं शेपूट

वडील बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. गाड्या कमी झाल्या, तशी भट्टी विझली आणि मी त्याच जागेत वेल्डिंग मशीन आणलं. कोल्हापूरच्या शिरोली रस्त्यावर आमचं हे छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. पहिली काही वर्षं खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याचे शेड आणि दोन पाखांची गेटं करण्यात गेली. सरकतं गेट पहिल्यांदा केलं ते २००६ मध्ये, आणि ते पडलं.

एका गोडाऊनला १४ फुटांचं तोंड होतं. आम्ही गेट केलं १५ फूट, म्हणजे दोन्ही खांबांवर सहा-सहा इंच चढ. मागच्या खांबाला वर नायलॉनच्या गाइड रोलरची एकच जोडी. गेट पुढे पूर्ण सरकलं की रोलरमध्ये त्याचं फक्त सहा इंच टोक उरायचं. पुढचा स्टॉपर रेलवर वेल्ड केलेला अँगलचा तुकडा होता. ट्रकच्या चाकाखाली येऊन येऊन त्याचा टाका तुटला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका संध्याकाळी वॉचमननं गेट जोरात लोटलं. ते सहा इंच पुढे गेलं, रोलरमधून सुटलं आणि आडवं झालं. खाली त्याची सायकल होती, तो स्वतः दोन पावलं मागे होता. सायकलची मी भरपाई दिली. तीन दिवस हातात होल्डर धरवला नाही.

त्या सायकलीनंतर आम्ही गेटचं माप वेगळं धरायला लागलो. जमिनीवरच्या रेलवर चालणारं गेट चाकांवर उभं राहतं, पण चाकं त्याला सरळ धरत नाहीत. सरळ धरतात वरचे गाइड रोलर. त्यामुळे गेट बंद असतानाही मागच्या खांबाच्या पलीकडे त्याचं पुरेसं अंग शिल्लक पाहिजे. आम्ही त्याला शेपूट म्हणतो.

नंतर वारणेकडच्या एका गुऱ्हाळाचं काम आलं. तोंड तेच, १४ फूट. गेट या वेळी साडेसोळा फूट केलं: पुढे सहा इंच चढ, मागे दोन फूट शेपूट. शेपटीला पत्रा नाही, नुसती फ्रेम, म्हणजे वजन आणि खर्च दोन्ही वाचतात. रोलरच्या जोड्या दोन, एक खांबाच्या कडेला आणि दुसरी तिच्यामागे सव्वा फुटावर. गेट बंद असलं तरी दोन्ही जोड्यांनी त्याला धरलेलं असतं. रोलर आणि वरच्या पाइपमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवतो. घट्ट बसवले तर ऊन वाढलं की गेट अडकतं, सैल ठेवले तर डुलतं. समोरच्या खांबाला उभा यू आकाराचा चॅनेल, त्यात गेटचं नाक जाऊन बसतं.

एवढ्या गेटला जागा ३१ फूट लागते. साडेचौदा फूट धाव आणि साडेसोळा फूट गेट. गिऱ्हाईक भिंतीकडे बोट दाखवून "बक्कळ जागा हाय" म्हणतो, तेव्हा आम्ही आधी टेप काढतो. तिथं विजेचा खांब किंवा तुळस निघाली तर बोलणी तिथंच थांबतात.

गेटाचं वजन भरलं सुमारे अडीचशे किलो. खालचा चॅनेल, चौकोनी पाइपची फ्रेम आणि १६ गेजचा पत्रा. चाकं दोनच, टोकांपासून दोन-दोन फूट आत. मालक म्हणाले, "चार लावा की, मजबूत होईल." चाकं जास्त झाली की रेल जरा उंच-सखल असेल तिथं मधलं चाक सगळं वजन घेतं आणि टोकाचं हवेत राहतं. दोन चाकांवर वजन बरोबर वाटलं जातं. त्यापेक्षा बेअरिंग चांगली घ्या, असं मी सांगितलं. चाकं व्ही खाचेची, इथल्याच फाउंड्रीत ओतलेली आणि लेथवर खाच मारलेली.

खरी मेहनत रेलची. ४० बाय ४० चा अँगल उलटा, शिरा वर. गुऱ्हाळात उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आत येतात, म्हणजे या शिरेवरून रोज कित्येक टन जाणार. अँगलच्या पोटात पोकळी राहिली तर तो तिथंच दबतो. म्हणून आम्ही अँगलला आतून दीड-दीड फुटावर सळ्यांचे आकडे वेल्ड केले, तो उताणा ठेवून पोट काँक्रीटनं भरलं आणि मग पायात बसवला. पाया एक फूट रुंद, दीड फूट खोल. जमीन काळी होती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आणखी खाली खणून मुरूम टाकून धुमसला. दुसऱ्या दिवशी हातोडीनं टकटक करत रेलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. भरीव जागी आवाज कोरडा येतो, पोकळ जागी भद्द. दोन जागी भद्द आला, तिथं बाजूनं भोक पाडून पातळ सिमेंट ओतलं. सांधा चाकाच्या वाटेतून हलवून मागच्या बाजूला घेतला आणि ग्राइंडरनं असा घासला की नखाला लागू नये.

लेव्हल पाण्याच्या नळीनं काढली. पण अंतिम परीक्षा गेटच घेतं: ते मधोमध आणायचं आणि हात सोडायचा. जागेवर राहिलं तर रेल लेव्हलला. हळूहळू एका बाजूला निघालं तर तिकडं उतार आहे, आणि असं गेट दर वेळी त्याच स्टॉपरवर आपटतं.

स्टॉपर आता रेलवर वेल्ड करत नाही. १० मिलिमीटरची प्लेट, तिला रबरी बफर, खाली आकडे काढून पायाच्या काँक्रीटमध्येच रोवलेली, जमिनीपासून फूटभर उंच. दोन्ही टोकांना. त्याशिवाय शेपटीच्या वरच्या टोकाला एक पट्टी, ती खांबाच्या रोलर ब्रॅकेटवर अडते. खालचा स्टॉपर उखडला तरी गेट रोलरच्या बाहेर पडत नाही. ही पट्टी काही किलो लोखंडाची, पण तिच्याशिवाय चावी हातात देत नाही.

त्याच गुऱ्हाळात गुळाच्या गोदामाला मात्र दरवाजा वरच्या ट्रॅकवर टांगला. तिथं फरशीवर चिपाड आणि पाला सतत पसरलेला. खाली रेल असती तर रोज खाचेत भुसा बसून चाक चढलं असतं. वरच्या ट्रॅकचं तोंड खाली, कचरा साचतच नाही. दाराला चार-चार चाकांच्या दोन ट्रॉल्या आणि खाली फक्त झुलू नये म्हणून एक छोटा गाइड. ट्रॅक आरसीसी लिंटेलला आरपार बोल्टनं कसला, विटांच्या भिंतीला कधीच नाही. मुख्य गेटला हा उपाय चालत नाही, कारण वर तुळई आली की उसाची भरलेली ट्रॉली अडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी नदीकाठच्या गिऱ्हाइकांच्या आवारात दिवसेंदिवस उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर पंधरा-वीस गेटांची बेअरिंगं बदलली. सीलबंद असली तरी गाळ आत जातोच. रेलवर गाळ वाळून दगड झाला होता, छिन्नीनं काढला. पण शेपूट ठेवलेलं एकही गेट पडलेलं नव्हतं, आणि ते बघायला मी मुद्दाम फिरलो होतो.

गेल्या हंगामात गुऱ्हाळाच्या मालकांचा फोन आला. ट्रॅक्टर वळताना आडवा येतो म्हणून मागचा स्टॉपर त्यांनी कापून टाकला होता. "अहो, पट्टी हाय की वर, कशाला पाहिजे?" मी म्हटलं, पट्टी पुढे जाताना अडते, मागे नाही. दुसऱ्या दिवशी पोरगा आणि मी गेलो, स्टॉपर फूटभर मागे सरकवून ट्रॅक्टरला वाट दिली आणि रेलची लांबीही तेवढी वाढवली. पैसे घेतले फक्त काँक्रीटचे.