आठ नंबर नसला तर?

“ताई, फुटबॉलमध्ये रोड्री नसला की मँचेस्टर सिटी ढेपाळते असं सगळेच म्हणतात. पण नुसते पास मोजून ‘ही टीम एकाच मिडफिल्डरवर चालते’ हे खरंच सांगता येतं का?”

नुसते पास मोजून नाही. कोणी कोणाला दिले हे मोजलं, तर बरंचसं सांगता येतं.

रोड्रीचं म्हणाल तर लोक उगाच बोलत नाहीत. २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये सिटी तीनच सामने हरली: वुल्व्ज, आर्सेनल आणि अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध. तिन्ही वेळा रोड्री संघात नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि सलग चार वर्षं लीग जिंकलेली टीम त्या मोसमात तिसरी आली. पण ते तिन्ही पराभव परक्या मैदानांवरचे होते, आणि २०२४-२५ मध्ये त्या टीममधले इतरही बरेच जण जखमी होते. निकालावरून संशय घेता येतो, कारण कळत नाही. त्यासाठी चेंडू कुठून कुठे जातो ते बघावं लागतं.

ते मी शिकले नेरूळच्या एका टर्फवर. माझा मुलगा तिथे सोळा वर्षांखालच्या टीममधून खेळतो, सात-सात जणांचे सामने असतात. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे रविवारी जाळीबाहेर बसून मोजायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बदली खेळाडूंपैकी एक जण शेजारी बसून ओरडतो, “चार-आठ, आठ-अकरा, अकरा-नऊ,” आणि मी चौकटीच्या वहीत त्या-त्या चौकटीत रेघ मारते. आडव्या ओळीत देणारा, उभ्या रकान्यात घेणारा. पोचलेला पासच मोजायचा, अडवलेला नाही. एकट्याने हे जमत नाही. वहीत मान घातली की दोन पास निसटतातच.

एका सामन्याची वही उघडून सांगते. १ गोलकीपर, ४ आणि ५ बचावात, ८ मधे, ११ डावीकडे, ७ उजवीकडे, ९ पुढे. दोन्ही दिशांचे पास एकत्र धरले तर असे होते: १ आणि ४ मध्ये १२, १ आणि ५ मध्ये १०, ४ आणि ५ मध्ये ४०. पुढे ४ आणि ८ मध्ये २०, ५ आणि ८ मध्ये १६. आठकडून ११ शी १४, ७ शी १२, ९ शी ८. नऊचे ११ शी ६ आणि ७ शी ६. शिवाय ४ आणि ११ मध्ये फक्त २. एकूण १४६ पास.

आता प्रत्येकाचे दिलेले-घेतलेले पास मिळवले तर ४ नंबर पहिला येतो, ७४ पासांसह. आठचे ७०, पाचचे ६६. म्हणजे बचावपटू सगळ्यांत महत्त्वाचा? टीव्हीवर सामना संपल्यावर जो तक्ता दाखवतात त्यातही सेंटर-बॅक वर असतात, आणि कारण हेच. त्यांच्यावर कोणी धावून येत नाही, ते एकमेकांना पास देत राहतात. चार आणि पाचमधले ते ४० पास काढून बघा, म्हणजे आकडा कशाने फुगला ते दिसेल.

अवलंबून असणं म्हणजे वेगळी गोष्ट. चेंडू इथून तिथे जायला कोणाच्या पायातून जावाच लागतो, हा प्रश्न आहे. जाळ्यांच्या गणितात यासाठी ‘बिट्वीननेस’ नावाचं माप आहे. लिंटन फ्रीमन या समाजशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ते मांडलं, माणसांच्या गटांतून निरोप कसे फिरतात हे बघण्यासाठी. मांडणी सोपी आहे. जास्त पास म्हणजे जवळ असं धरून कुठल्याही दोन खेळाडूंमधली सगळ्यांत जवळची वाट शोधायची आणि ती तिसऱ्या कोणातून जाते का ते बघायचं. आठला बाजूला ठेवला तर उरलेल्या सहा जणांच्या १५ जोड्या होतात. त्यांतल्या १० जोड्यांची जवळची वाट आठमधून जाते. चारमधून जाते ४ जोड्यांची. आणि ६६ पासवाल्या पाचमधून? एकाही जोडीची नाही. गोलकीपरलाही पुढे जायला चारवरून जवळ पडतं. पास जवळजवळ सारखे, पण टीममधली जागा अगदी वेगळी.

इथे एक चूक हमखास होते. मीही पहिल्यांदा केली होती, आणि ती लवकर लक्षात येत नाही. संगणक ‘जवळची वाट’ शोधतो तेव्हा रेषेवरचा आकडा म्हणजे अंतर असं समजतो. आपण पासांची संख्या तशीच दिली तर ४० पास म्हणजे लांब आणि २ पास म्हणजे जवळ, असा उलटा अर्थ होतो. ह्याच वहीवर तसं केलं तर ११ नंबर ५ जोड्यांसह पहिला येतो आणि आठकडे उरतात फक्त २, कारण सामन्यात दोनदाच वापरलेली ४-११ ही वाट संगणकाला राजरस्ता वाटते. म्हणून आधी उलटा अंक घ्यायचा, १ भागिले पास. पायथनच्या networkx मध्ये, G हे पासांचं जाळं धरून, ते असं:

```python
import networkx as nx

for a, b, d in G.edges(data=True):
    d["dist"] = 1 / d["passes"]
nx.betweenness_centrality(G, weight="dist", normalized=False)
```

मैदानावर क्वचितच चेंडूला शिवलेला कोणी यादीत अचानक वर आला, तर आधी हीच ओळ तपासा.

मग मी वहीतला आठ नंबर पुसला आणि जाळं पुन्हा काढलं. मागे १, ४, ५ यांचा त्रिकोण. पुढे ७, ९, ११. आणि दोन्ही तुकड्यांना जोडणारा एकच धागा, चार ते अकरा, २ पासांचा. कागद टीमच्या कोच सरांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे समोरच्याने आठला धरला की आपण संपलो.”

प्रतिस्पर्धी नेमकं तेच करतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये चेल्सीचा सगळा खेळ जॉर्जिन्योच्या पायातून जायचा. टॉटनहॅमने डेली अलीला त्याच्या मागे लावलं आणि सामना ३-१ असा जिंकला. आमच्या बाबतीत तीन आठवड्यांनी वाशीच्या एका टीमने एक मुलगा आठच्या पाठीला चिकटवला. वहीतल्या त्या पहिल्या सामन्यात आम्ही गोलवर ११ फटके मारले होते, त्या दिवशी ४.

इथपर्यंत गणित बरोबर ठरलं. पुढच्या रविवारी मात्र आठला ताप आला, तो आलाच नाही. सहा नंबर त्याच्या जागी खेळला. माझ्या कागदाप्रमाणे टीमचे दोन तुकडे व्हायला हवे होते, पण आम्ही ८ फटके मारले. चार नंबर स्वतः चेंडू घेऊन पुढे येऊ लागला, गोलकीपरने नऊकडे थेट लांब चेंडू मारले. ह्या वाटा आधीच्या वहीत नव्हत्याच. मी पुसलेल्या जाळ्यात उरलेले सहा जण आपापल्या जुन्या रेषांना चिकटून होते. खरी मुलं तशी बसून राहत नाहीत.

त्या दिवसापासून मला वाटतं की आठ नसण्यापेक्षा तो असून अडकलेला असणं जास्त महाग पडतं. वाशीच्या सामन्यात सगळे त्यालाच शोधत होते. पाच नंबर चेंडू पायाखाली घेऊन थांबायचा, आठ मोकळा व्हायची वाट बघायचा, तोवर समोरचा अंगावर यायचा. बिट्वीननेस ही सवय दाखवतो. ती मोडल्यावर काय होईल, ते सांगणं त्याच्या आवाक्यात नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मधे उभा राहणाऱ्याचा आकडा थोडा मोठा येणारच, कारण तो मधे आहे. म्हणून मी सहाचाही आकडा काढला. त्याच जागेवर, त्याच मुलांबरोबर खेळून त्याच्या वाट्याला १५ पैकी ५ जोड्या आल्या. आठच्या १० पैकी बराच भाग जागेचा आहे, बाकीचा त्याचा. (आठची आई मला कौतुकाने विचारते, “म्हणजे आमचाच सगळ्यांत भारी ना?” त्या मुलाचा पास खरोखर सुंदर आहे, पण हा आकडा त्याचं कौतुक करत नाही. टीमकडे दुसरी वाट नाही, एवढंच त्यातून कळतं.) रोड्रीबद्दल बोलतानाही हीच तुलना हवी: त्याच्या जागी जो खेळला, त्याचा आकडा किती?

जवळच्या वाटेची कल्पनाही फुटबॉलला पूर्ण लागू पडत नाही, कारण मैदानात कोणी जवळची वाट मोजून पास देत नाही. म्हणून आता मी साखळ्याही लिहिते: चेंडू मिळाल्यापासून फटका मारेपर्यंत कोणाकोणाच्या पायातून गेला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लुईस अमराल आणि सहकाऱ्यांनी युरो २००८ च्या सामन्यांवर याच धर्तीचं माप वापरलं आणि २०१० मध्ये छापलं. फटक्यापर्यंत पोचलेल्या साखळ्यांमध्ये खेळाडू किती वेळा आहे, हा त्याचा गाभा. आमच्या पहिल्या सामन्यातल्या ११ फटक्यांपैकी ९ साखळ्यांत आठ होता. सरांना बिट्वीननेसपेक्षा हे लगेच पटलं. मलाही एका टीमसाठी हेच जास्त विश्वासाचं वाटतं, फक्त फटके थोडे असतात, म्हणून चार-पाच सामन्यांची वही एकत्र करावी लागते.

एकाच माणसाभोवती खेळ गुंफणं वाईट का, तर थॉमस ग्रंड या संशोधकाने इंग्लंडच्या लीगचे दोन मोसम, २३ टीम आणि दोन लाख ऐंशी हजारांवर पास तपासले होते. ज्यांचं जाळं एकवटलेलं, त्यांचे गोल कमी, असं त्यांना आढळलं. आमच्या आठाला कमी खेळवा, असा याचा अर्थ सरांनी काढला नाही, आणि ते बरंच झालं. आठ आहे तिथेच आहे. सरांनी फक्त सरावात अकराला दहा पावलं मागे यायला सांगितलं, म्हणजे चारला तो दिसेल. पहिले दोन रविवार चार त्याच्याकडे बघायचा आणि चेंडू पुन्हा पाचलाच द्यायचा.

परवाच्या सामन्यात ४ आणि ११ मध्ये ९ रेघा पडल्या. आठच्या वाट्याला ८ जोड्या आल्या.